९९.८६ टक्के जुळलं, तरी नाव लिहायची घाई नको: १६एस जनुकावरून जीवाणू ओळखताना

दिंडोरीतल्या एका द्राक्षबागेतून वेलीच्या मुळांलगतची चिमूटभर माती आणली, पातळ करून अगर प्लेटवर पसरवली. दोन दिवसांत नाना तऱ्हेच्या कॉलन्या आल्या. त्यातली एक पांढुरकी, कोरडी, सुरकुतलेली कॉलनी आमच्या विद्यार्थिनीने उचलली आणि तिला डी-७ म्हटलं. ही नेमकी कोण, हे शोधायला १६एस रायबोसोमल आरएनएचं जनुक कामी येतं. ते प्रत्येक जीवाणूत असतं आणि साधारण १,५०० अक्षरांचं असतं. त्याचे काही भाग जवळपास सगळ्या जीवाणूंत सारखे असतात, म्हणून तिथे चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, म्हणजे प्रायमरची, एकच जोडी बहुतेकांना चालते. मधले भाग बदलतात, त्यावरून ओळख पटते.

आधी कॉलनी शुद्ध करा. नव्या प्लेटवर निदान तीनदा स्ट्रीक करा आणि दर वेळी एकच सुटी कॉलनी उचला. इथला आळस पुढे महागात पडतो.

मग डीएनए काढा. पुष्कळ जीवाणूंना कॉलनी पाण्यात उकळणं पुरतं. पण डी-७ सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू धरणारी काडी दिसत होती. अशांची भिंत चिवट, म्हणून लायसोझाइम वापरलेलं बरं. जनुकाच्या भरपूर प्रती करायला, म्हणजे पीसीआरला, ही प्रायमर जोडी:

```
27F    AGAGTTTGATCMTGGCTCAG
1492R  TACGGYTACCTTGTTACGACTT
```

९५ अंशांवर ५ मिनिटं. मग ३० फेऱ्या: ९५ अंशांवर ३० सेकंद, ५५ वर ३० सेकंद, ७२ वर ९० सेकंद. शेवटी ७२ वर १० मिनिटं. शेजारी डीएनए न घातलेली एक नळी हवीच. तिच्यातही पट्टा उमटला, तर आपण दुसऱ्याच कुणाचं जनुक वाचतोय. कधीकधी खुद्द पॉलिमरेज एन्झाइममध्येच ई. कोलायच्या डीएनएचा अंश असतो, म्हणून फेऱ्या उगाच वाढवू नयेत.

जेलवर १,५०० च्या आसपास एकच ठसठशीत पट्टा दिसला की तो शुद्ध करून सँगर पद्धतीने दोन्ही टोकांकडून वाचायला पाठवा. एका वाचनात भरवशाची ७००-८०० अक्षरंच मिळतात.

आलेली फाइल थेट संगणकाला देऊ नका, आधी आलेखाची शिखरं डोळ्यांनी पाहा. आमच्या पहिल्या आलेखात अगदी सुरुवातीपासून एकावर एक दोन शिखरं होती; प्लेट पुन्हा पाहिली तर मोठ्या कॉलनीच्या कडेला दुसरीच बारीक कॉलनी चिकटलेली. पुन्हा स्ट्रीकिंग! मात्र आलेख अर्ध्यापर्यंत स्वच्छ असून तिथून पुढे एकदम गढूळ झाला, तर दोष भेसळीचाच असेल असं नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये या जनुकाच्या १० प्रती असतात. एका प्रतीत एखादं अक्षर जास्त असलं की तिथून पुढचं वाचन एक घर सरकतं.

दोन्ही टोकांची खराब अक्षरं आणि प्रायमर छाटा, उलट वाचन पूरक करून फिरवा आणि मध्ये जोडा. डी-७ ची १,४३० अक्षरं हाती आली. नोंदवलेल्या क्रमांशी तुलना करणाऱ्या BLAST मध्ये `16S ribosomal RNA sequences (Bacteria and Archaea)` हा संच निवडा. मोठ्या संचात कुणीही कसंही नाव देऊन टाकलेल्या नोंदी असतात. आपल्याला तुलना हवी ती प्रजातीच्या प्रमाण स्ट्रेनशी. `Per. Ident` सोबत `Query Cover` ही पाहा.

"सर, ९९.८६ आलंय. सबटिलिसच ना?"

"खालच्या ओळी वाच."

१,४३० पैकी २ अक्षरं वेगळी, म्हणून सबटिलिसशी ९९.८६. पण खाली त्याच्याच नात्यातल्या दुसऱ्या प्रजातीशी ३ फरक, म्हणजे ९९.७९, तिसरीशी ४, म्हणजे ९९.७२. एका-दोन अक्षरांचा हा फरक जनुकाच्या प्रतींमध्येही सापडू शकतो. त्यावर नाव कसं टेकवणार?

मर्यादारेषेचा अर्थ इथेच चुकतो. १९९४ मध्ये ९७ टक्क्यांची रेषा सुचवली गेली: त्याखाली दोन जीवाणू एका प्रजातीचे नसतात. २००६ मध्ये ती ९८.७ ते ९९ वर नेली आणि २०१४ मध्ये जीनोमच्या तुलनेवरून ९८.६५ सुचवली गेली. आपल्या १,४३० अक्षरांत याचा अर्थ साधारण १९ फरक. ही रेषा एकाच बाजूने बोलते. खाली आलात तर प्रजाती बहुधा वेगळी, कदाचित नवी. वर आलात तर एवढंच कळतं की एकच असू शकते. बॅसिलस सीरियस आणि अँथ्रॅक्सचा जीवाणू या जनुकात ९९ टक्क्यांहून जास्त जुळतात, आणि पहिल्याला दुसरा समजून चालत नाही.

म्हणून डी-७ साठी gyrB जनुक वाचायचं. सबटिलिसच्या भावंडांत त्यात कितीतरी जास्त फरक असतात. निर्णायक उत्तर हवं तर पूर्ण जीनोम वाचून प्रमाण स्ट्रेनशी सरासरी साम्य काढायचं. तिथली रेषा ९५-९६ टक्क्यांची. तोवर वहीत विद्यार्थिनीने लिहिलं: "डी-७, बॅसिलस सबटिलिस गट, १,४३० अक्षरं, प्रजाती अनिश्चित."