आडसालीची सरी सोडण्याआधी पुढच्या मे महिन्याचं पाणी मोजा

मृग लागला की आपल्याकडं आडसालीची बोलणी सुरू होतात. बेणं कुणाकडं आहे, लागणीला माणसं कधी मिळतील, कारखान्याची नोंद कधी सुरू होणार. पुढच्या एप्रिल-मे महिन्यात विहिरीत किती पाणी असेल, हे मात्र कुणी विचारत नाही. प्रशांत महासागर तापलेल्या वर्षी, म्हणजे एल निनोच्या वर्षी, याच एका दुर्लक्षापायी माळावरचे उभे ऊस वाळताना मी पाहिलेत. म्हणून यंदाच्या सल्ल्यात खत-औषधांआधी पाण्याचंच बोलतो.

आधी समुद्राचं काय ते समजून घेऊ. एरवी प्रशांत महासागरात विषुववृत्तावरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतात आणि वरचं गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलून ठेवतात. गरम पाण्यावरची हवा वर चढते आणि ढग, पाऊस त्याच पट्ट्यात होतो. एल निनोच्या वर्षी हे वारे मंदावतात. गरम पाणी मागं सरकून महासागराच्या मध्याला आणि पूर्वेला पसरतं, हवा वर चढायची जागाही तिकडं सरकते. वर गेलेली हवा कुठंतरी खाली उतरावीच लागते आणि ती आपल्या बाजूला उतरू लागते. उतरती हवा ढगांना वाढू देत नाही. मध्य प्रशांतातल्या ठरलेल्या पट्ट्याचं तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा जास्त वर जाऊन काही महिने तसंच टिकलं की हवामानवाले एल निनो म्हणतात. अर्धा अंश ऐकायला थोडा वाटतो, पण हजारो किलोमीटर पसरलेल्या पाण्यातली ती उष्णता असते.

आपला हिंदी महासागरही यात हात घालतो. आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची थंड असली की आपल्या पावसाला मदत होते. १९९७ साली एल निनो जबर होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, त्यात या मदतीचा वाटा मानतात. म्हणून एल निनो म्हणजे दुष्काळच, असं नाही. पण १९५१ पासूनची एल निनोची वर्षं पाहिली तर निम्म्याहून जास्त वर्षांत पाऊस सरासरीच्या खाली राहिलाय. आपण धोका धरूनच चालायचं.

आता २०२३ चं वर्ष बघा. चार महिन्यांचा देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के. कागदावर यात घाबरण्यासारखं काही नाही. पण जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी आणि सप्टेंबरात पुन्हा १३ टक्के जास्त, अशी त्याची मांडणी होती. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. शेतकऱ्याचं नुकसान बेरजेत दिसत नाही, उघडीप किती दिवस लांबली यात दिसतं.

कोल्हापुरात या उघडिपीचा फटका सगळीकडं सारखा बसत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतं, शिरोळात जेमतेम पाचशेच्या घरात. एल निनोच्या वर्षीही तरण्या-म्हाताऱ्या पावसात घाट भरून निघतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, मोबाईलवर फोटो फिरतात आणि हातकणंगले-शिरोळच्या माळावरचा माणूसही निर्धास्त होतो. फसगत होते ती इथंच. राधानगरीची साठवण सव्वाआठ टीएमसीच्या थोडी वर आहे आणि ती घाटातल्या पावसानं भरते. तुमच्या विहिरीचे झरे तुमच्या शिवारात ऑगस्ट-सप्टेंबरला पडलेल्या पावसानं जिवंत होतात. धरण भरलं म्हणजे विहीर भरली, असं नाही.

नदीवर उपसा असलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चांगल्या वर्षी परतीच्या पावसानं ऑक्टोबरपर्यंत रान ओलं असतं, ओढे वाहते असतात, धरणाला हात लावायला उशीर होतो. पाऊस लवकर तुटला तर उसाची पाळी सप्टेंबरातच मागावी लागते. धरण तेवढंच भरलेलं असतं, पण त्यातून उपसा महिना-दोन महिने आधी सुरू होतो. पुढं एप्रिल-मेमध्ये उपसाबंदीचे दिवस वाढतात आणि दहा दिवसांचा फेर वीस-पंचवीस दिवसांवर जातो. त्यातच एल निनो साधारण डिसेंबरच्या आसपास शिगेला असतो, त्यामुळं पुढचा उन्हाळा जास्त तापण्याचा संभव असतो. पाणी कमी आणि पिकाची तहान जास्त, असं दोन्हीकडून होतं.

जुलैत लावलेली आडसाली त्या एप्रिल-मेमध्ये नऊ-दहा महिन्यांची असते. पाला दाटलेला, कांडी धरायचा जोर आणि पाण्याची गरज सगळ्यात जास्त. म्हणून लागणीचं क्षेत्र जुलैच्या पाण्यावर ठरवायचं नसतं, पुढच्या मेच्या पाण्यावर ठरवायचं असतं.

हिशेब कसा करायचा, ते एका उदाहरणानं सांगतो. माळावर चार एकर, एक विहीर. मोटरीच्या तोंडाशी दोनशे लिटरचं बॅरल ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा. वीस सेकंदांत भरलं तर सेकंदाला दहा लिटर, म्हणजे तासाला छत्तीस हजार लिटर. मेच्या उन्हात दाटलेल्या उसाला दिवसाला साधारण आठ मिलिमीटर पाणी लागतं. दहा दिवसांच्या पाळीला ऐंशी मिलिमीटर झालं. एकराला तेवढं द्यायचं तर सव्वातीन लाख लिटरच्या आसपास, म्हणजे या मोटरीचे नऊ तास.

ऑगस्टमध्ये हीच मोटर दिवसाला आठ तास चालते, तेव्हा चार एकर सहज निघतील असं वाटतं. पण मेमध्ये विहीर दोन तासांत तळ दाखवत असेल तर दिवसाला बहात्तर हजार आणि दहा दिवसांत सात लाख वीस हजार लिटर मिळतात. सरीनं पाजताना चारीत, बांधाला झिरपून चौथाई पाणी जातं असं धरा. उरलेल्या पाण्यात एक एकर सत्तावीस गुंठ्यांच्या वर ऊस भागत नाही. तेच पाणी चारही एकरांना पुरवायला गेलात तर एका सरीला पुन्हा पाणी यायला चोवीस दिवस लागतील. हलक्या मुरमाड रानात तेवढ्या दिवसांत पाला गुंडाळतो आणि वाढ थांबते.

असा ऊस तोडणीला उभा असताना बघितलात तर उन्हाळा त्याच्या अंगावर दिसतो. बुडख्याकडच्या कांड्या वीतभर, मधल्या पाच-सहा बोटभर, वरच्या पुन्हा लांब. आखूड कांड्यांजवळ मोडून बघा, आत पोकळी सापडते. वजन तिथंच गेलेलं असतं आणि जूनमध्ये कितीही युरिया फेकला तरी ते परत येत नाही.

मेमध्ये मोटर किती तास चालेल, हे आज कसं कळायचं? मागच्या वाईट उन्हाळ्यात, २०२४ च्या मेमध्ये, ती किती चालली होती ते आठवा आणि तोच आकडा धरा. नोंद नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना पक्कं ठाऊक असतं. आजपासून एक दोरी, दगड बांधून, विहिरीवर ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला काठापासून पाणी किती हात खाली आहे ते भिंतीवर लिहा. दिवाळीला पाणी मागच्या वर्षापेक्षा खाली असेल, तर उन्हाळ्याचा अंदाज तुम्हाला तिथंच मिळाला.

उदाहरणातल्या माणसानं दीड एकरच आडसाली करावी. उरलेल्या अडीच एकरात सोयाबीन किंवा भुईमूग, त्यावर ओल बघून हरभरा. फेब्रुवारीनंतर ते रान मोकळं राहिलं तरी चालेल. ठिबक असेल तर क्षेत्र थोडं वाढवता येतं, पण ठिबक पाणी वाचवतं, तयार करत नाही. नुसत्या ठिबकच्या भरवशावर चारही एकर लावू नका.

खरिपाची नेहमीची कामं:
- ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नये.
- घरचं बियाणं उगवण तपासून, बीजप्रक्रिया करून वापरावं.
- हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाभळी-कडुनिंबावरून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकावेत.
- खोडव्यात पाचट जाळू नये. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक.
- नदीकाठच्या मळीत चर मोकळे ठेवावेत.

शेवटची ओळ एल निनोच्या वर्षीही पाळा. २०१९ च्या सुरुवातीला हलका एल निनो होता, देशात जूनचा पाऊस ३३ टक्के कमी पडला आणि ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली. अरबी समुद्र तापतोय, गरम हवा जास्त बाष्प धरते आणि ते थोड्या दिवसांत ओतते. कोरडा ऑगस्ट आणि महापूर या दोन्हींची तयारी एकाच रानात ठेवावी लागते.

उघडीप लांबली की दुकानदार हमखास काहीतरी काढतो. ह्युमिक, जेल, ताण सोसण्याचं टॉनिक, बाटली हजार-पंधराशेची. माझं स्पष्ट मत आहे की त्या पैशात डिझेल आणा किंवा चारी दुरुस्त करा. पाण्याच्या ताणात उसाला शिफारस आहे ती दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश आणि दोन टक्के युरियाच्या फवारणीची. पंधरा लिटरच्या पंपाला दोन्ही तीनशे-तीनशे ग्रॅम, दर दोन-तीन आठवड्यांनी, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. सोयाबीनला फुलं-शेंगांच्या वेळी ताण बसला तर पोटॅशियम नायट्रेट दहा लिटरला शंभर ग्रॅम. यानं पीक तग धरतं, पाण्याची भरपाई होत नाही.

हवामान खात्याचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो, तो बघत जा. माझा स्वतःचा एक आडाखा आहे, तो कुठल्या शिफारशीत नाही: आश्लेषात सलग चार-पाच सकाळी गवतावर दव दिसलं आणि वारा पडला, की उघडीप लांबते. तसं दिसलं तर वाट न बघता कोळपणी करून भेगा बुजवा आणि एक आड एक सरी पाजायला लागा.

लागण आधीच जास्त झाली असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत पुन्हा बॅरल लावून मोजा. पाणी पुरत नसेल तर हलक्या रानातला प्लॉट तेव्हाच बेण्याला किंवा चाऱ्याला काढा आणि त्याचं पाणी भारी रानातल्या उसाला द्या. मार्चपर्यंत त्या उसाला गिऱ्हाईक असतं. मेमध्ये सगळ्यांचाच वाळायला लागला की चाऱ्यालाही भाव राहत नाही.