मुलांचे सपाट तळवे: इनसोल घेण्याआधी या चुका टाळा

अंघोळ करून मूल बाहेर येतं, कोटा स्टोनच्या फरशीवर त्याचं ओलं पाऊल उमटतं आणि आजीच्या लक्षात येतं की पाऊल पूर्ण भरलेलं आहे, मधे खाच नाही. संध्याकाळपर्यंत काका-काकूंचे सल्ले येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे राजवाड्याजवळच्या दुकानात इनसोल बघायला जातात. इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रकार इतक्यांदा घडतो की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

तीन वर्षांच्या मुलाचं पाऊल भरलेलंच उमटतं. तळपायाच्या आतल्या बाजूला चरबीची जाड गादी असते, सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल असतात आणि उभं राहिलं की कमान खाली बसते. कमान दिसू लागते ती साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात आणि पुढे दहाव्या वर्षापर्यंत घडत राहते. म्हणून ओल्या पावलावरून काही ठरवू नका. त्यावरून कमान आत्ता खाली आहे एवढंच कळतं, ती वर येते का हे कळत नाही.

ते बघायला मुलाला भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. टाचा किंचित आत वळल्या आणि तळव्याखाली कमान उभी राहिली, तर पाय लवचिक आहे. लहान मूल चवड्यांवर नीट उभं राहत नसेल, तर त्याला सपाट उभं करून अंगठा हाताने वर उचला, कमान तशीही वर येते. पाय लवचिक आहे, दुखत नाही, मूल पळतं, उड्या मारतं, तर सात-आठ वर्षांपर्यंत काहीही करायचं नाही. इनसोल नको, बूट नको, व्यायामाचा तगादाही नको. अमेरिकेत 1989 साली छापलेल्या अभ्यासात लहान मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल देऊन पाहिले होते. साधे बूट घालणाऱ्या मुलांच्या पायांत आणि त्यांच्या पायांत शेवटी फरक निघाला नाही. इनसोलने कमान तयार होत नाही. दुखणाऱ्या पायाला त्याचा आधार होतो, आणि त्याचा उपयोग तेवढाच.

दुसरी चूक जास्त त्रास देते: पोटरी न तपासता इनसोल घालणं. रामबागेतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचं उदाहरण घ्या. क्रिकेट खेळून आला की संध्याकाळी तळव्याची आतली बाजू आणि पोटऱ्या दुखायच्या. चवड्यांवर कमान येत होती. घरच्यांनी दुकानातून उंच कमानीचे कडक प्लास्टिकचे इनसोल आणले आणि पहिल्याच दिवशी शाळेच्या बुटांत घालून सहा तास चालवले. आठवड्याभरात आतल्या घोट्याखाली लाल वण आला आणि मुलगा लंगडू लागला. "सवय होईल रे," म्हणून आणखी काही दिवस तसेच घातले, तेव्हा तिथे घट्टा पडू लागला.

कारण पोटरीत होतं. चालताना पाय घोट्यातून वर वाकायला हवा. पोटरी आणि टाचेमागची शीर आखडलेली असेल तर घोटा तेवढा वाकत नाही, मग पाय ती कसर मधूनच कोसळून भरून काढतो. त्याच जागी खालून कडक उंचवटा लावला की हाड वरून शरीराच्या भाराने आणि खालून प्लास्टिकने दाबलं जातं.

तपासायचं असं. मूल पाठीवर झोपलेलं, गुडघा सरळ. एका हातात टाच धरून पाऊल थोडं आत वळवा, म्हणजे कमान भरेल, आणि मग दुसऱ्या हाताने पाऊल नडगीकडे दाबा. काटकोनापुढे साधारण 10 अंश सहज यायला हवं. काटकोनातच अडलं तर पोटरी आखडली आहे. पाऊल आत न वळवता दाबलंत तर ते मधूनच वाकतं आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. याच जागी बहुतेक जण फसतात.

व्यायामातही हाच घोटाळा होतो. भिंतीसमोर एक पाय मागे ठेवून ताण द्यायचा, पण मुलं मागचं पाऊल बाहेर फिरवतात, कमान कोसळते आणि ताण पोटरीऐवजी तळव्याच्या मधल्या सांध्यांवर जातो. या मुलाने अशीच उलट कसरत केली होती. म्हणून मागच्या पायाची बोटं सरळ किंवा किंचित आत ठेवा, पावलाच्या आतल्या कडेखाली घडी केलेला नॅपकिन सरकवा, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुका, 30 सेकंद थांबा. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. ताण पोटरीत जाणवला पाहिजे. तळव्यात जाणवला तर पाऊल पुन्हा लावा. सोबत चवड्यांवर सावकाश चढणं-उतरणं, 10 वेळा, दोनदा. सहा ते आठ आठवडे रोज करायचं. चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांनी सुरूच करू नये.

त्या मुलाचे कडक इनसोल काढले, ताण नीट शिकवला. दोन महिन्यांनी पाऊल काटकोनापुढे येऊ लागलं आणि संध्याकाळचं दुखणं बरंच कमी झालं. लांब खेळाच्या दिवशी थोडं उरलं होतं, त्यासाठी मग मऊ फोमचे तयार इनसोल दिले. इनसोलची योग्य वेळ हीच: पाय दुखतोय, पोटरी मोकळी झाली आहे किंवा मुळात मोकळीच आहे, तरीही दुखणं उरलं आहे. सुरुवात तयार, मऊ जोडीने करा, मापाचे महाग नंतर. बुटातलं मूळचं अस्तर काढून मग घाला, नाहीतर टाच बुटातून वर येते. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासाभराने वाढवा. बूट काढल्यावर लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही तर ती जोडी चुकीची. सहा आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही तर वापरत राहू नका, पुन्हा दाखवा.

बूट "वाढत्या अंगाचे" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुढे पुरे, टाचेची बाजू कडक असावी आणि बूट बोटांपाशी वाकावा, मधून नव्हे. घरात अनवाणी फिरू द्या. 1992 साली छापलेल्या भारतातल्या एका पाहणीत 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांचे ठसे घेतले होते. बूट-चप्पल वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के निघाले, न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. तेलाच्या मालिशने कमान येत नाही, मुलाला बरं वाटतं एवढंच.

आणि हे घरी सोडवायचं नाही: चवड्यांवरही कमान न येणारा ताठर पाय, एकाच बाजूचा सपाट पाय, रात्री दुखून झोपमोड, सूज, वारंवार पडणं, जमिनीवरून उठताना मांड्यांना हातांचा टेकू घेणं. आठ ते सोळा वयात पाय नव्याने ताठ आणि दुखरा झाला तर मागच्या पावलाची दोन हाडं एकमेकांना जोडलेली असू शकतात. ते बाहेरून दिसत नाही, एक्स-रे आणि कधी सीटी स्कॅन लागतो. अशा मुलाला दुकानात न नेता थेट मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना त्याचे जुने, झिजलेले बूट पिशवीत घ्या. टाच कोणत्या बाजूने घासली आहे ते त्यांना बघायला मिळेल.