या चुका टाळा: ‘डॉमिनन्स पडला, आता ऑल्ट घ्या’

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी BTC.D चा, म्हणजे बिटकॉइनच्या डॉमिनन्सचा, चार्ट टाकतो, त्यावर खाली जाणारा लाल बाण काढतो आणि लिहितो, “पैसा बिटकॉइनमधून ऑल्टमध्ये चाललाय.” ऑल्ट म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीची कॉइन्स. बाण काढायला काहीच लागत नाही. तो आकडा कशाला कशाने भागून आला, हे मात्र बाण काढणाऱ्यांपैकी फार थोडे जण पाहतात.

डॉमिनन्स म्हणजे साधा भागाकार आहे. बिटकॉइनचं मार्केट कॅप भागिले सगळ्या कॉइन्सचं मिळून मार्केट कॅप, गुणिले शंभर. मार्केट कॅप म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले चलनात असलेली नाणी. या हिशेबात आत आलेला किंवा बाहेर गेलेला पैसा कुठेच मोजला जात नाही. एखाद्या कॉइनची १०० कोटी नाणी आहेत आणि भाव २ रुपये आहे, म्हणजे कॅप २०० कोटी. ऑर्डर बुक विरळ असेल, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑर्डर्स थोड्याच असतील, तर काही लाखांच्या खरेदीत भाव २.२० होतो आणि कागदावर कॅप २० कोटींनी वाढतं. ते २० कोटी कुठून आले म्हणाल, तर कुठूनच नाही. म्हणून ‘पैसा इकडून तिकडे गेला’ हे वाक्य डॉमिनन्सच्या चार्टवरून म्हणताच येत नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. भागाकाराच्या खालच्या आकड्यात टेदर आणि यूएसडीसीसारखी डॉलरच्या भावाला बांधलेली स्टेबलकॉइन्सही असतात, आणि त्यांचा भाव हलत नाही. याने काय होतं ते १०० रुपयांच्या बाजारावर करून पाहू. त्यात बिटकॉइन ६०, स्टेबलकॉइन ८ आणि बाकी सगळे ऑल्ट ३२, म्हणजे डॉमिनन्स ६० टक्के. समजा बिटकॉइन २० टक्के पडला आणि ऑल्टही नेमके २० टक्केच पडले. बिटकॉइन ४८ झाला, ऑल्ट २५.६ झाले, स्टेबलकॉइन ८ वरच राहिलं. एकूण ८१.६, आणि डॉमिनन्स ५८.८ टक्के. आकडा घसरला, बाण काढणाऱ्याला बाण मिळाला, पण ऑल्टनी बिटकॉइनपेक्षा कणभरही बरी कामगिरी केलेली नाही. हातात टेदर धरून बसलेल्यांमुळे हा आकडा खाली गेला. हेच उलट करा, दोन्ही २० टक्के वर न्या, की डॉमिनन्स ६०.८ होतो.

यावर उपाय एका ओळीचा आहे. ट्रेडिंगव्ह्यूच्या सिम्बॉलच्या चौकटीत हे टाका:

```
CRYPTOCAP:BTC/(CRYPTOCAP:TOTAL-CRYPTOCAP:USDT-CRYPTOCAP:USDC)*100
```

वरच्या उदाहरणात स्टेबलकॉइन काढलं, तर आधीही ६५.२ येतात आणि नंतरही ६५.२. म्हणजे काहीच बदललेलं नाही, आणि चार्टही तेच सांगतो. BTC.D आणि ही रेषा दोन्ही एकाच दिशेला जात नसतील, तर त्या आठवड्यात डॉमिनन्सवर बोलूच नये. आणि पाहायचंच तर आठवड्याच्या बंद भावावर पाहावं. पंधरा मिनिटांच्या चार्टवर डॉमिनन्स बघणं म्हणजे भाताच्या पातेल्यावरचं झाकण दर मिनिटाला उचलणं.

दुसरी चूक छोटी, पण चिवट: डॉमिनन्स पडतोय म्हणजे बिटकॉइन पडणार. २०१७ साली सुरुवातीला डॉमिनन्स ८५ टक्क्यांच्या वर होता आणि २०१८ च्या जानेवारीत तो साधारण ३३ वर आला. त्याच २०१७ मध्ये बिटकॉइन सुमारे १,००० डॉलरवरून डिसेंबरात २०,००० च्या जवळ गेला होता. अंश वाढतो, पण छेदातले बाकीचे त्याहून जास्त वाढतात, एवढंच. त्या वर्षी नव्या टोकन्सचा पूरही आला होता. प्रत्येक नवं टोकन छेदात जातं, म्हणून तेव्हाच्या ८५ टक्क्यांची आजच्या आकड्याशी तुलना करण्यात काही अर्थ नाही.

एका साइटचा आज आणि दुसरीचा काल असे आकडे कधी जोडू नका. प्रत्येकीची कॉइन्सची यादी वेगळी असते.

आता ‘मी पाच वेगवेगळे कॉइन घेतलेत, जोखीम विभागली आहे’ या समजुतीकडे येऊ. १२ मार्च २०२० हा दिवस तिच्यासाठी पुरेसा आहे. कोरोनाच्या भीतीने सगळेच बाजार कोसळत होते. बिटकॉइन एका दिवसात सुमारे ७,९०० डॉलरवरून ५,००० च्या खाली आला, म्हणजे साधारण ३७ टक्के. इथर सुमारे १९५ वरून ११२ वर आला, साधारण ४२ टक्के. इथरियमच्या तंत्रज्ञानात त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं. ETHBTC ची जोडी, म्हणजे इथरचा बिटकॉइनमधला भाव, पाहिली तर ती जेमतेम ८ टक्के घसरली होती. म्हणजे इथरच्या पडझडीतला बहुतेक भाग बिटकॉइनचाच होता, इथरचा स्वतःचा अशक्तपणा तेवढा ८ टक्क्यांचा.

असं का होतं? पहिलं कारण तारणाचं. उधारीवर खेळणाऱ्याचं खातं बऱ्याचदा एकच असतं आणि सगळ्या सौद्यांना तारणही तेच. बिटकॉइन घसरला की तारण कमी पडतं, आणि एक्स्चेंज खात्यातलं जे विकलं जाईल ते विकतं, त्या कॉइनची बातमी चांगली असो की वाईट. दुसरं म्हणजे, खरेदी-विक्रीचे भाव लावणारे बॉट बिटकॉइन जोरात हलला की छोट्या कॉइनवरच्या आपल्या ऑर्डर्स काढून घेतात. आधीच विरळ असलेलं बुक रिकामं होतं. जेवढ्या विक्रीने बिटकॉइन जागचा हलत नाही, तेवढीच विक्री छोट्या कॉइनला १० टक्के खाली नेते. म्हणून दिशा एक असली तरी माप एक नसतं. तिसरं, जिथे कॉइनचा सौदा बिटकॉइनमध्ये होतो, तिथे जोडीचा भाव न हलता बिटकॉइन डॉलरमध्ये पडला, तर त्या कॉइनचा डॉलरमधला भाव आपोआप पडतो. न पडला तर फरकावर कमावणारे तो काही सेकंदांत पाडतात.

क्वचित शेपूट कुत्र्याला हलवते. मे २०२२ मध्ये टेरा कोसळला, तेव्हा त्याच्या स्टेबलकॉइनची डॉलरशी बांधलेली खुंटी सांभाळण्यासाठी ठेवलेले सुमारे ८०,००० बिटकॉइन जवळजवळ सगळे खर्ची पडले आणि बिटकॉइनही खाली ओढला गेला.

म्हणून ऑल्ट घेण्याआधी त्याचा डॉलरमधला चार्ट बाजूला ठेवा आणि बिटकॉइनच्या जोडीतला उघडा. जोडी सहा महिने खाली चालली असेल, तर डॉलरमधली ती हिरवी वाढ बिटकॉइनने फुकट दिलेली आहे. जोडी एक्स्चेंजवर नसेल तर दोन भावांचा भागाकार करा, तेवढ्याला कॅल्क्युलेटर पुरतो.

आणि भारतात बसून ‘रोटेशन’ करणाऱ्या उतावळ्यांसाठी: बिटकॉइन देऊन ऑल्ट घेणं हाही कायद्याने विक्रीचाच व्यवहार आहे. नफ्यावर ३० टक्के कर आणि उपकर वेगळा, व्यवहारावर १ टक्का टीडीएस. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. डॉमिनन्सच्या दोन टक्क्यांच्या हालचालीवर महिन्यातून चारदा इकडून तिकडे उड्या मारल्या, तर भांडवलाचे जवळपास ४ टक्के टीडीएसमध्ये अडकतात आणि ते विवरणपत्र भरेपर्यंत हातात येत नाहीत.