मिळून माल आणताय? भाडं नगावर वाटू नका

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. आम्ही तिघे किराणावाले मिळून नागपूरच्या इतवारीतून माल आणतो, आणि आता आजूबाजूच्या गावातलेही करतायत, पण सगळे त्याच चुका करतायत.

पहिली चूक भाड्याची. सुरुवातीला आम्ही नग मोजून भाडं वाटलं. छोटा हत्ती, भाडं हमालीसकट २९०० रुपये. माझे साखरेचे ५० किलोचे ८ कट्टे, दुसऱ्याची मुरमुऱ्याची ८ पोती, तिसऱ्याचे तेलाचे १५ किलोचे १० पिपे. एकूण २६ नग, म्हणजे नगामागे साधारण १११.५० रुपये, आणि तेलवाल्याला पडले १११५. मुरमुरेवाल्याला नऊशेच्या आत, अन् गाडी भरली होती त्याच्याच पोत्यांनी! वजन सगळं मिळून सव्वासहाशे किलोच्या आसपास, गाडी अजून वजन घेत होती पण जागाच उरली नाही, त्यामुळे माझे दोन डाळीचे कट्टे इतवारीतच राहिले. तेलवाला भडकला, तर मुरमुरेवाला म्हणे, "भाऊ, माहा माल त हलका हाय न, वजनावर लावा." वजनावर लावलं असतं तर माझ्या एकट्याच्या डोक्यावर अठराशे बसले असते. दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आता मी जागा मोजतो. साखरेचा कट्टा एक, मुरमुऱ्याचं पोतं दोन, तेलाचा पिपा अर्धा. त्याच मालाचे मग ८, १६ आणि ५, एकूण २९ भाग, भागाला १०० रुपये, म्हणजे ८००, १६०० आणि ५००. फक्त साखर-डाळ-तेलाची खेप असेल तर गाडी आधी वजनाने भरते, तेव्हा वजनावरच वाटायचं. हे गाडी सांगायच्या आधी वहीत लिहून ठेवतो, माल उतरल्यावर बोलणी नाही.

दुसरी चूक, सगळा माल एकाच्या नावावर घेणं. नवीन पोरांना घाई असते, "एकच बिल करा, पटकन होते." अरे, मग तुम्ही दुसऱ्याला दिलेला माल ही तुमची विक्री झाली, तुमची उलाढाल उगाच फुगली, आणि त्याच्याकडे खरेदीचा कागद नाही, जीएसटी नंबर असला तरी क्रेडिट मिळत नाही. व्यापाऱ्याला आधीच सांगायचं, भाव एकूण मालावर लावा, बिलं तिघांची वेगळी करा. आमचा व्यापारी पाच मिनिटं कुरकुरतो आणि करून देतो.

गोदामात साबण-अगरबत्तीच्या शेजारी चहा ठेवू नका, वास धरतो. पावसाळ्यात साखर फरशीवर नाही, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. कट्ट्यावर मार्करने नाव आणि तारीख, जुना आधी उचलायचा, नाहीतर डाळीत सोंडे झाले की कोणाचा माल खराब झाला यावर परत भांडण.

आणि पैसे गाडी निघायच्या आदल्या दिवशी जमा. ज्याचे आले नाहीत, त्याचा माल त्या खेपेत नाही, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना.