वळणदार कडांच्या लॉनसाठी गवताचे किती तुकडे लागतील?

नर्सरीत लॉन घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती स्क्वेअर फूट?" अंगण चौकोनी असेल तर लांबी गुणिले रुंदी करून उत्तर देता येतं. पण कडेला नागमोडी फुलझाडांचा वाफा असेल, एका टोकाला अर्धगोल असेल आणि कोपऱ्यात झाडाचं आळं असेल, तर बहुतेक जण अंदाजाने आकडा सांगतात. तो चुकला की दोन्हीकडून त्रास होतो. कमी आणलं तर दुसऱ्या खेपेचं गवत वेगळ्या वाफ्यातलं येतं आणि रंगाचा पट्टा कित्येक आठवडे दिसत राहतो. जास्त आणलं तर रचून ठेवलेले तुकडे आतून तापतात आणि दुसऱ्या दिवशी पिवळे पडू लागतात. गवताचं कार्पेट आणलं त्याच दिवशी अंथरावं लागतं, म्हणून हिशोब आधीच पक्का हवा.

नाशिकला माझ्या मोठ्या बहिणीच्या बंगल्यापुढच्या लॉनचं माप मी घेतलं होतं, तेच उदाहरण इथे घेते. वळणं तीन प्रकारची होती, त्यामुळे पद्धत पूर्ण दिसेल.

आधी कड ठरवा, मग मोजा

वळण कागदावर काढून मोजू नका, जमिनीवर काढा. त्यासाठी बागेचा रबरी पाइप सगळ्यात सोपा. तासभर उन्हात ठेवला की तो मऊ होतो आणि हवा तसा वळतो. पाइप अंथरा, चार पावलं मागे जाऊन बघा, जिथे खोचका वाटेल तिथे सरळ करा. मनाजोगी रेषा मिळाली की पाइपाच्या कडेने चुन्याची फक्की टाका आणि पाइप उचला. यापुढची सगळी मापं चुन्याच्या रेषेपासून घ्यायची.

अर्धगोलाला पाइप लागत नाही. मध्यबिंदूवर खुंटी ठोका, तिला सुतळी बांधा, दुसऱ्या टोकाला काडी बांधून फिरवा. सुतळी ताणलेली राहिली तर गोल बरोबर येतो.

आकार तोडून घ्या

तोडायचा नियम एकच: आत बसेल असा मोठ्यात मोठा आयत आधी शोधायचा, उरलेलं त्याच्या बाहेर किंवा आत मोजायचं. बहिणीच्या अंगणात कंपाउंडच्या भिंतीला लागून 24 फूट लांब आणि 12 फूट रुंद आयत बसला. चारही कोपऱ्यांत खुंट्या आणि मध्ये सुतळी. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला एका बाजूवर 3 फुटांवर आणि दुसरीवर 4 फुटांवर खूण केली. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट भरलं पाहिजे. ते पावणेपाच भरलं तर कोपरा आत झुकलेला आहे, आणि 24 × 12 चा गुणाकार वाटतो तेवढा खरा नाही.

आयत: 24 × 12 = 288 चौरस फूट.

उजव्या टोकाला, 12 फुटांच्या बाजूला लागून अर्धगोल होता. त्रिज्या म्हणजे निम्मी रुंदी, 6 फूट. इथे घाईत 12 गुणिले 12 केलं जातं आणि उत्तर चौपट येतं. तो खरोखर अर्धगोल आहे का हेही बघून घ्या: बाजूच्या मध्यापासून बाहेर कडेपर्यंतचं अंतर बरोबर 6 फूट हवं. ते 5 भरलं तर हा चपटा कमानीचा आकार आहे, त्याला अर्धगोलाचं सूत्र लावायचं नाही. नागमोडी कडेची जी पद्धत पुढे आहे, ती त्याला लावायची.

अर्धगोल: 3.14 × 6 × 6 = 113.04, त्याचं निम्मं 56.52.

भिंतीकडच्या डाव्या कोपऱ्यात चाफ्याचं पाव गोलाचं आळं होतं, त्रिज्या 4 फूट. ते आयताच्या आत येतं, म्हणून वजा करायचं.

आळं: 3.14 × 4 × 4 = 50.24, त्याचा पाव भाग 12.56.

नागमोडी कड

पुढच्या बाजूला, भिंतीच्या समोर, आयताची 24 फुटांची सुतळी आणि त्याबाहेर फुगत गेलेली चुन्याची रेषा. याला कुठलंही सूत्र चालत नाही. सुतळीवर ठरावीक अंतराने खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेपासून सुतळीला काटकोनात, चुन्याच्या रेषेपर्यंत माप घ्यायचं. टेप थोडी तिरपी धरली तरी माप वाढतं, म्हणून टेपेच्या बाजूला गुण्या ठेवा.

आधी मी दर 4 फुटांवर मापं घेतली. दोन्ही टोकांना रेषा सुतळीला भिडत होती, तिथे शून्य. मधली मापं 2.5, 4, 3.5, 2 आणि 1 फूट. बेरीज 13. गुणिले अंतर 4, म्हणजे 52 चौरस फूट. खरं तर यात प्रत्येक दोन खुणांमध्ये एक समलंब चौकोन धरलेला आहे. टोकांची मापं शून्य नसतील तर त्यांचं प्रत्येकी निम्मंच बेरजेत घ्यायचं.

मग मधल्या जागी, म्हणजे दर 2 फुटांवर, आणखी मापं घेतली: 1.5, 3.5, 4, 3, 1.5 आणि 0.5. सगळी मिळून बेरीज 27, गुणिले 2, म्हणजे 54. दोन चौरस फूट वाढले, आणि कारण समजण्यासारखं आहे. समलंब चौकोनाची तिरकी बाजू सरळ असते आणि कड बाहेर फुगलेली, म्हणून मधली पातळ फाक हिशोबातून सुटते. कड आत वळलेली असेल तर उलट होतं, हिशोब जास्त येतो. खुणा जवळ घेतल्या की फाक लहान होते. अंतर निम्मं केल्यावर उत्तर दोन-चार चौरस फुटांपेक्षा जास्त हललं नाही, तर तिथे थांबायला हरकत नाही. हललं, तर वळण तीव्र आहे. तेवढ्या भागात 1 फुटावर मापं घ्या.

एका गोष्टीवर मात्र फार लक्ष ठेवा. 2 फूट 6 इंच म्हणजे 2.5 फूट, 2.6 नव्हे. तसंच 3 इंच म्हणजे 0.25 फूट. मापं घेताना एक जण टेप धरतो, दुसरा लिहितो, आणि "दोन सहा" ऐकून 2.6 लिहिलं जातं. आमच्याही वहीत ते एकदा झालं होतं. म्हणून मी मापं इंचांतच बोलते आणि लिहिते, बेरीज झाल्यावर 12 ने भागते.

एकूण: 288 + 56.52 − 12.56 + 54 = 385.96, म्हणजे 386 चौरस फूट.

ढोबळ पडताळा करायचा तर पूर्ण लॉन ज्या आयतात मावेल तो काढा. इथे लांबी 24 + 6 = 30 आणि रुंदी 12 + 4 = 16, म्हणजे 480. आपलं उत्तर त्यापेक्षा कमी आणि आतल्या 288 पेक्षा जास्त आहे. या दोन आकड्यांच्या बाहेर उत्तर गेलं तर कुठला तरी भाग दोनदा धरला गेलाय किंवा वजाबाकी राहिलीय.

कातरण कडेवर मोजा

सगळीकडे सांगतात, दहा टक्के जास्त घ्या. मला हा नियम पटत नाही, कारण तुकडे क्षेत्रफळामुळे वाया जात नाहीत, वळणामुळे जातात. मध्यभागी तुकडा अख्खा बसतो. वळणावर तो कापला जातो आणि सरासरी निम्मा बाहेर पडतो. तुकडे 2 फूट × 1 फूट असतील तर वळणाच्या दर फुटामागे साधारण 1 चौरस फूट कातरण निघते, आणि नीट जुळवलं तर त्यातलं निम्मं दुसरीकडे वापरता येतं. म्हणून मी वळणदार कडेची लांबी सुतळीने मोजते आणि तिच्या निम्मे चौरस फूट वाढवते.

इथे अर्धगोलाची कड 19 फूट, आळ्याची 6, नागमोडी 26, मिळून 51. त्याचं निम्मं साधारण 26. शिवाय वाहतुकीत फाटलेल्या तुकड्यांसाठी 12. म्हणजे 386 + 26 + 12 = 424 चौरस फूट. हे दहा टक्क्यांच्या आसपासच आलं, पण लॉन लहान असेल तर फरक मोठा पडतो. 8 फूट व्यासाच्या गोल लॉनचं क्षेत्रफळ 50 आणि कड 25 फूट. निम्मं धरलं तरी चौथा हिस्सा वाढतो, आणि लहान गोलात कातरण बसवायला जागा नसल्याने मी पूर्ण 25 धरीन. तिथे दहा टक्क्यांवर विसंबलात तर लॉन अर्धवट राहील.

तुकडा स्वतः मोजा

पहिल्या वेळी मी 424 ला 2 ने भागून 212 तुकडे सांगितले होते. गाडी आली, अंथरायला सुरुवात केली आणि संध्याकाळी अर्धगोलाच्या टोकाची माती उघडीच राहिली. एक तुकडा उलटा करून मोजला तेव्हा कळलं: सांगितलेलं माप 2 × 1 फूट, पण कडा झडून मुळं धरून असलेला भाग 23 × 11.5 इंच होता. म्हणजे 264.5 चौरस इंच, भागिले 144, जेमतेम 1.84 चौरस फूट. 424 भागिले 1.84 केलं तर 230.4, म्हणजे 231 तुकडे लागतात. एकोणीस तुकडे कमी पडले होते.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी नर्सरीत चार-पाच तुकडे जमिनीवर ठेवून, कडेची मोकळी माती आणि लोंबणारे तंतू सोडून, हिरवा भाग मोजा. भाव चौरस फुटावर असेल तर "पैसे कुठल्या मापावर?" हेही विचारून घ्या. बोलणं तुकड्यांच्या संख्येवर करा, म्हणजे गाडीतून उतरवताना मोजता येतात.

अंथरताना

हिशोबात निम्मी कातरण वापरायची धरली आहे, ती तशी वापरली तरच पुरेल. भिंतीच्या सरळ कडेपासून सुरुवात करा, विटांसारखे सांधे चुकवत ओळी लावा आणि वळणापाशी तुकडा चुन्याच्या रेषेबाहेर जाऊ द्या. तीन-चार ओळी झाल्या की पाइप पुन्हा रेषेवर ठेवा आणि धारदार सुरीने कडेने कापा. निघालेला त्रिकोणी तुकडा हातभर लांब असेल तर पुढच्या ओळीत, पण आतल्या बाजूला लावा. काठावर नेहमी मोठा तुकडा यावा. काम करणाऱ्या माळीकाकांनी मला सांगितलं होतं, "ताई, काठाला बारीक तुकडा लावू नका, दोन उन्हांत वाळतो." तसंच होतं, कारण त्याच्या दोन-तीन बाजू उघड्या राहतात आणि पाणी टिकत नाही. कड वाळून तपकिरी ठिपके दिसू लागले की ते बहुधा अशाच तुकड्यांचे असतात.

काम संपल्यावर चार-पाच अख्खे तुकडे उरले तर टाकू नका. घरामागे ओल्या मातीवर पसरून पाणी देत राहा. पहिल्या महिन्यात काठावरचा एखादा तुकडा गेला, तर त्याच खेपेचं, त्याच रंगाचं गवत तिथे लावता येतं.