आर-स्क्वेअर ०.९९ आला तरी रेषा चुकलेली असू शकते: पेंडुलमच्या रीडिंगमधल्या या चुका टाळा

पेंडुलमची लांबी बदलत जायची, दरवेळी २० दोलनांचा वेळ मोजायचा आणि आलेखावरून g काढायचा, हा प्रयोग अकरावीपासून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लीस्ट स्क्वेअर पद्धतीने रेषा बसवताना होणाऱ्या नेहमीच्या चुकाही याच प्रयोगात स्पष्ट दिसतात. ही रीडिंग घ्या:

| लांबी L (मी.) | दोलनकाल T (से.) |
|---|---|
| ०.४० | १.२७ |
| ०.६० | १.५५ |
| ०.८० | १.८० |
| १.०० | २.०१ |
| १.२० | २.१९ |

आर-स्क्वेअर पाहून थांबणे

T विरुद्ध L अशी सरळ रेषा बसवली तर स्लोप १.१५, इंटरसेप्ट ०.८४४ आणि आर-स्क्वेअर ०.९९२ येतो. बिंदू रेषेच्या अगदी जवळ दिसतात आणि बरेच जण इथेच जर्नल मिटतात. त्याआधी रेसिड्युअल काढा, म्हणजे मोजलेल्या T मधून त्याच L साठी रेषेवर येणारा T वजा करा. लांबी A स्तंभात आणि दोलनकाल B स्तंभात असेल, तर C2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=B2-(SLOPE($B$2:$B$6,$A$2:$A$6)*A2+INTERCEPT($B$2:$B$6,$A$2:$A$6))
```

उत्तरे येतात −०.०३४, +०.०१६, +०.०३६, +०.०१६, −०.०३४. दोन्ही टोकांना ऋण, मध्ये सगळी धन. हा कमानीचा आकार योगायोगाने आलेला नाही. T हा √L च्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे खरा आलेख वक्र आहे आणि आपण त्यावर सरळ रेषा लादली आहे. इंटरसेप्टही तेच सांगतो: दोऱ्याची लांबी शून्य असताना ०.८४ सेकंदांचे दोलन असूच शकत नाही.

इथे आणखी एक गैरसमज होतो. रेसिड्युअलची बेरीज शून्य आली म्हणून काही जण खूश होतात. रेषेत इंटरसेप्ट मोकळा सोडला असेल तर ती बेरीज नेहमीच शून्य येते, रेषा कितीही अयोग्य असली तरी. पाहायचा तो चिन्हांचा क्रम आणि आकडे किती मोठे आहेत ते.

रेसिड्युअलची तुलना मोजमापाच्या चुकीशी न करणे

हाताने स्टॉपवॉच चालू-बंद करताना साधारण ०.२ सेकंदांची चूक धरली, तर २० दोलनांवर विभागून T मध्ये ०.०१ सेकंद राहते. ०.०३४ हा त्याच्या तिपटीहून जास्त आहे, म्हणजे हा दोष घड्याळावर ढकलता येत नाही.

आता T² विरुद्ध L घ्या. स्लोप ४.००, इंटरसेप्ट ०.०१७ आणि रेसिड्युअल −०.००५, −०.०१५, +०.०२२, +०.०२१, −०.०२३. T मधली ०.०१ ची चूक T² मध्ये 2T × ०.०१ होते, म्हणजे सर्वांत आखूड लांबीला ०.०२५ आणि सर्वांत मोठ्या लांबीला ०.०४४. पाचही रेसिड्युअल या मर्यादेत बसतात. स्लोपवरून g = 4π²/स्लोप = ९.८७ येतो आणि या विखुरणीवरून त्यातली अनिश्चितता सुमारे ०.०९ निघते. मात्र पाचच बिंदूंवरून चिन्हांच्या क्रमाबद्दल ठाम बोलता येत नाही. आठ-दहा लांब्या घेतल्या तर बोलता येते.

टोकाच्या चुकीच्या रीडिंगवर विसंबणे

घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटले की २० च्या जागी १९ दोलने मोजली जातात आणि T ५ टक्क्यांनी कमी येतो. ही चूक १.२० मीटरच्या रीडिंगला झाली असे धरा. T २.१९ ऐवजी २.०८ येतो, T² विरुद्ध L चा स्लोप ३.५३ वर घसरतो आणि g ११.२ होतो.

रेसिड्युअल पाहून चोर लगेच सापडेल असे वाटते, पण ते आता −०.१०, −०.०२, +०.१२, +०.२१, −०.२१ असे दिसतात. १.०० मीटरचे निर्दोष रीडिंगही तितकेच वाईट दिसते! टोकाचा बिंदू रेषेला स्वतःकडे ओढतो. या मांडणीत त्याच्या चुकीचा ६० टक्के भाग रेषाच गिळते आणि रेसिड्युअलमध्ये ४० टक्केच उरतो. हीच चूक मधल्या ०.८० मीटरच्या बिंदूला झाली असती, तर तिचा ८० टक्के भाग रेसिड्युअलमध्ये दिसला असता आणि स्लोप हललाही नसता.

म्हणून मोठा रेसिड्युअल दिसला की तो बिंदू खोडू नका. इथे १.०० आणि १.२० या दोन्ही लांब्यांची रीडिंग पुन्हा घ्या. गोळा मध्यस्थितीतून जाताना ‘शून्य’ म्हणत घड्याळ सुरू करा आणि तो त्याच दिशेने विसाव्यांदा तिथून जाताना थांबवा. टोकाच्या दोन्ही लांब्यांची रीडिंग तर प्रत्येकी तीनदा घ्यावीत.

रेषा शून्यातून जबरदस्तीने नेणे

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता हुकापर्यंतच मोजली आणि १ सें.मी. राहून गेला, तरी स्लोप बदलत नाही, फक्त इंटरसेप्ट ०.०४ ने वाढतो. पण याच पाच लांब्यांसाठी रेषा शून्यातून नेली, तर ती चूक स्लोपमध्ये शिरते आणि g सुमारे १ टक्क्याने कमी येतो. इंटरसेप्ट मोकळा ठेवा आणि तो त्याच्या अनिश्चिततेच्या आत शून्य आहे का ते तपासा. वरच्या उदाहरणात तो ०.०१७ ± ०.०३२ आहे, म्हणजे १ सें.मी. ची चूक पकडण्याइतकी ही रीडिंग बारीक नाहीत. ती पकडायची असेल तर २० ऐवजी ५० दोलने मोजावी लागतील.