लेथवर उतरलेल्या मालाचं वजन: हिशोब कसा जुळला

पार्टीने ५० मिमीचा माइल्ड स्टीलचा राउंड बार दिला होता. ३०० मिमी लांबीचा शाफ्ट, पूर्ण लांबीत ४० मिमीवर आणायचा. त्यांच्या कागदावर उतरणारा माल होता फक्त १८५ ग्रॅम, आणि चिप्सच्या ट्रेमध्ये तर ढीग! भंगार परत द्यायचं ठरलेलं, त्यामुळे आकडा जुळायलाच हवा होता.

गोम सापडली. त्यांनी ५० मधून ४० वजा करून १० मिमीच्या सळईचं वजन काढलं होतं. पण माल उतरतो तो बाहेरच्या कड्यातून, म्हणून आधी दोन्ही व्यासांचे वर्ग करायचे, मग वजाबाकी. २५०० वजा १६०० म्हणजे ९००. स्टीलच्या गोल बारचं मीटरला वजन म्हणजे मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणून ९०० ला १६२ ने भागलं की मीटरला ५.५६ किलो, ०.३ मीटरला साधारण १.६७ किलो. म्हणजे चक्क नऊपट.

खात्रीसाठी तयार शाफ्ट काट्यावर ठेवला: २.९६ किलोच्या आसपास. मूळ तुकडा ४.६३ किलोचा, फरक बरोबर बसला. चिप्स मात्र तोलू नका. कूलंट चिकटलेलं असतं, वजन फुगतं. आणि काळा बार बऱ्याचदा ५० पेक्षा थोडा जाड येतो, तेव्हा व्हर्नियर लावून खरा व्यास घ्या.